होकारवेळ

कोल्हापुरात माणसाला एक वेळ देवाबद्दल मत नसेल, पण फुटबॉलबद्दल असतंच. पेठेपेठेतल्या तालमींची भांडणं पचवून शहरानं एकदाचा एक क्लब उभा केला, पंचगंगा फुटबॉल क्लब. तो देशाच्या वरच्या लीगमध्ये पोचल्यापासून तर प्रत्येक मिसळीच्या टेबलावर एकेक मॅनेजर बसलेला असे. लीगच्या भाषेत मॅनेजर म्हणजे संघ निवडणारा, सराव घेणारा आणि हरल्यावर शिव्या खाणारा माणूस. या हंगामात त्या खुर्चीवर होता संग्राम अतिग्रे. क्लब हरत होता. लागोपाठ हरत होता, आणि असाच हरत राहिला तर खालच्या लीगमध्ये जाणार होता.

आणि शर्वरी अतिग्रेला त्यावर लेख लिहायचा होता. शर्वरी संग्रामची सख्खी धाकटी बहीण.

'दैनिक दक्षिणवारा'मध्ये तिचं 'मैदानाबाहेरून' हे सदर अकरा वर्षं चालू होतं. मैदानाबाहेरून लिहिणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, असं ती स्वतःच म्हणायची. पण तिच्या शेळ्या नीट हाकलेल्या असत. हंगामाच्या मध्यावर मॅनेजर बदलावा का, या प्रश्नावर तर तिचा शब्द देशभर मानला जाई, आणि तिचं उत्तर जवळजवळ नेहमी एकच असे. बदलू नका.

कारणं ती पुनःपुन्हा सांगायची. संघ मॅनेजरला केव्हा काढतो? सगळ्यांत खोल गाळात असताना. त्या गाळात थोडा दोष खेळाचा असतो आणि थोडा नशिबाचा. चेंडू खांबाला लागतो, पंच चुकतो, गोलकीपरचा अंगठा मोडतो. नशीब काही सदा वाईट राहत नाही, त्यामुळे पुढचे निकाल तसेही सुधारणार असतात. ताप चढला की घरचे वैद्य बदलतात, ताप आपल्या चालीनं उतरतो आणि शाल-श्रीफळ नव्या वैद्याला मिळतं. सारखेच गाळात गेलेले दोन संघ घ्या, एकानं मॅनेजर बदललेला आणि दुसऱ्यानं न बदललेला. दोन्ही साधारण तितकेच वर येतात, हे तिनं जुन्या हंगामांतून जोड्या लावून दाखवलं होतं. शिवाय नव्या माणसाला खेळाडू जुनेच मिळतात, कारण खरेदी-विक्रीची मुदत संपलेली असते. सरावाला वेळ मिळत नाही, दर चार दिवसांनी सामना. जुन्या मॅनेजरबरोबर त्याचे सहायकही जातात, आणि कोणाचा गुडघा कुठल्या हवेत दुखतो हे जाणणारं कोणी उरत नाही.

"याला अपवाद एकच," ती लिहायची. "खेळाडूंनी त्याचं ऐकणं सोडलं असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नका."

पूर्वी हा अपवाद ओळखायचा कसा, हाच घोळ होता. ड्रेसिंग रूमच्या दाराआडचं कोणाला दिसतं? मग 'जुळा' आला.

जुळा म्हणजे खेळणाऱ्या संघाची गणकात बांधलेली प्रतिकृती. लीगच्या नियमानं प्रत्येक खेळाडूच्या बनियनमध्ये एक चपटं यंत्र शिवलेलं असे. त्याची धाव, दम, वळणं, तो कोणाकडे मान वळवून बघतो, सगळं त्यात नोंदलं जाई. मॅनेजरच्या कॉलरला माईक लावणंही सक्तीचं होतं. या नोंदी सगळ्या संघांना आणि पत्रकारांना खुल्या असत. त्यांतून जुळा प्रत्येक खेळाडूची सवय शिकायचा आणि उरलेला हंगाम हजारो वेळा आपल्या पोटात खेळून बघायचा. अर्ध्या वेळा जुन्या मॅनेजरसह, अर्ध्या वेळा नव्यासह. न घडलेला हंगाम बघायची सोय माणसाला पहिल्यांदाच मिळाली होती.

त्याच नोंदींतून होकारवेळ निघायची. मॅनेजरनं "मागं सरका" म्हटल्यापासून संघ प्रत्यक्ष मागं सरेपर्यंत जाणारा वेळ. ऐकणाऱ्या संघाची होकारवेळ चार सेकंदांच्या आसपास असते. ती ताणत गेली, की समजावं, पोरांचं मन उडालं. परदेशातल्या आणि इथल्या कितीतरी संघांत हे खरं ठरलेलं होतं.

त्या मंगळवारी शर्वरीनं ऑफिसात बसून आधी फटक्यांचा हिशेब काढला. कुठून मारला, मध्ये किती पाय होते, अशा शंभर फटक्यांतून किती गोल होतात. त्या हिशेबानं पंचगंगेचे खरं तर आणखी सात-आठ गोल व्हायला हवे होते. म्हणजे नशीब खराब. तिला हायसं वाटलं. मग तिनं होकारवेळ उघडली. हंगामाच्या सुरुवातीला चार सेकंद होती, आता नऊ. तिनं आकडा पुन्हा तपासला. नऊच.

संपादक मकरंद हुदळीकर तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "काय ठरवलंत?"

"फटके म्हणतात, राहू द्या. होकारवेळ म्हणते, काढा."

"तुमच्या स्वतःच्या नियमानं?"

"माझ्या नियमानं काढा."

हुदळीकर चष्मा पुसत म्हणाले, "हे बघा शर्वरीबाई, संचालक मंडळात तीन काढा म्हणतायत, तीन राहू द्या म्हणतायत. अध्यक्ष तुमच्या लेखाची वाट बघतायत, हे मला त्यांनीच सांगितलं. नाही लिहायचं तर नका लिहू, मी समजून घेईन. पण लिहिलंत, तर परक्या माणसाबद्दल लिहिलं असतंत तसंच लिहा."

ते तिला लागलं. गावात आधीच कुजबुज होती, की बाई आता भावाची वकिली करणार. अकरा वर्षं कमावलेलं नाव एका लेखात मातीत जाईल, ही धास्ती तिला होती, आणि ती धास्ती तिला कर्तव्यासारखी वाटू लागली होती.

अशा लेखाआधी ती नेहमी एक गोष्ट करायची. ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्या मॅनेजरला फोन करायचा, आकडे समोर ठेवायचे, त्याची बाजू ऐकायची आणि लेखात त्याला दोन परिच्छेद द्यायचे. गोव्याच्या तिरसट मॅनेजरला केला होता, शिलाँगच्या अबोल माणसाला केला होता. त्या दिवशी तिनं दादाचा नंबर काढला, त्याच्याकडे बघत राहिली आणि फोन पालथा ठेवला. दादाचा आवाज ऐकला तर आपण विरघळू, असं तिला वाटलं. त्याच आवाजानं तिला गल्लीतल्या दोन विटांच्या गोलमध्ये उभं केलं होतं आणि 'पोरगी कशाला घेतलीस' म्हणणाऱ्यांना पळवून लावलं होतं. तो आवाज ऐकायचा नाही, म्हणजे आपण निःपक्षपाती, असा सरळ हिशेब तिनं केला.

घरी हे बोलणं होण्यासारखं नव्हतंच. रविवारी ती दादा-वहिनींकडे जेवायला जायची, आणि ताटावर फुटबॉल काढायचा नाही हा त्या घरचा कायदा होता. दोघांच्या पोटात फुटबॉल आणि तोंडात पांढऱ्या रश्शाचं कौतुक, असं ते जेवण चालायचं.

लेख बुधवारी छापून आला. मथळा होता, 'संग्राम अतिग्रेंनी आता जावं'. त्यात फटक्यांचा हिशेब प्रामाणिकपणे दिला होता, नशिबाची बाजू दिली होती आणि शेवटी होकारवेळ. 'संघ हरतो आहे म्हणून नव्हे, संघ ऐकत नाही म्हणून.' दोन परिच्छेद मात्र त्यात नव्हते.

गाव थक्क झालं. "घरचा आहेर असावा तर असा!" लोक म्हणाले. सख्ख्या बहिणीनं लिहिलंय म्हणजे खरंच असणार, म्हणून तर तो लेख अध्यक्षांनी बैठकीत मोठ्यानं वाचला. संध्याकाळपर्यंत संग्राम अतिग्रे माजी मॅनेजर झाला होता.

त्या रविवारी शर्वरी जेवायला गेली नाही. पल्लवी वहिनीनं डबा पाठवला, त्यात चिठ्ठीचपाटी काही नव्हती. डबा तिनं उघडला आणि तसाच बंद केला.

नवा माणूस आला, नेल्सन फर्नांडिस. शांत, थोडा आळशीच वाटावा असा. पहिला सामना बरोबरीत सुटला, मग पंचगंगा जिंकू लागली. पुढं पुढं तर प्रतिस्पर्धी गोंधळल्यासारखे दिसायचे. ते डावीकडे गर्दी करून उभे राहत आणि चाल उजवीकडून येई. जुळ्याचे अंदाज चुकत गेले, पण पंचगंगेच्या फायद्याचे चुकत गेले म्हणून कोणी कुरकुरलं नाही. बाजारात शर्वरीला थांबवून लोक हात मिळवत. एका दूधवाल्यानं तर पैसे घेतले नाहीत. "ताई, तुमच्यामुळं वाचला की क्लब." ती हसायची. हसताना तिला वाटायचं, खरंच आपण बरोबर होतो का? नशीब पालटणारच होतं, हे तिच्याशिवाय कोणाला ठाऊक होतं?

शेवटचे दोन सामने उरले असताना क्लबचा कर्णधार इरफान मुजावर ऑफिसात आला. पाणी दिलं तर त्यानं ग्लास हातात धरून ठेवला.

"ताई, एक विचारू का? लेख लिहायच्या आधी तुम्ही सरांना विचारलासा का?"

"नाही."

"तरीच." तो ग्लासाकडे बघत म्हणाला. "आम्हाला वाटलेलं, विचारून लिहिलासा. सरांनीच सांगितलं असंल असं लिव्हायला, दुसऱ्या टीमांना फसवायला. पोरं तर हसत होती वाचून. मग संध्याकाळी सर बॅग भरायला आले."

"फसवायला म्हणजे?"

इरफाननं दार लोटलं. "ताई, सगळ्या टीमांकडं जुळा हाय. आमच्या सरांच्या माईकवरनं ते शिकणार, की सर असं वरडले की पंचगंगा तसं करती. म्हणून सरांनी हंगामाच्या सुरुवातीलाच सांगितलेलं, मी वरडंन, पण तुम्ही आधी मान वर करून बघा. मी म्हणतो तसं दिसलं तर करा, न्हाई दिसलं तर तुम्हाला दिसतंय ते करा. आणि मध्येच सर मुद्दाम चुकीचं वरडायचे. डावीकडं म्हणून. जो न बघता डावीकडं पळंल, त्याला दुसऱ्या दिवशी मैदानाला फेऱ्या."

शर्वरीनं हातातलं पेन खाली ठेवलं.

"सुरुवातीला आमचं लई चुकलं. बघायचं, ठरवायचं, तवर चेंडू गेलेला. हरलो की आम्ही. सर म्हणायचे, अर्धा हंगाम शिकण्यात जाणार, मग बघा." त्यानं ग्लास खाली ठेवला. "आम्ही ऐकत नव्हतो असं न्हाई, ताई. आम्ही त्यांचंच ऐकत होतो."

तो गेल्यावर तिनं जुळा उघडला. नऊ सेकंद. त्या नऊ सेकंदांत अकरा पोरं मान वर करून विचार करत होती, आणि यंत्रानं त्याला बंड म्हटलं होतं. यंत्राचा तरी काय दोष? त्यानं आजवर हाकेसरशी पळणारेच संघ पाहिले होते. उशीर म्हणजे अवज्ञा, हे गृहीत तिनं बदललं. उशीर म्हणजे निर्णय, आणि खोट्या हाका वगळून, असं घातलं. मग उरलेला हंगाम लेखाच्या दिवसापासून पुन्हा खेळवला. फर्नांडिससह वाचण्याची शक्यता शंभरात एकाहत्तर. दादासह अठ्ठ्याहत्तर.

फार फरक नव्हता. तिच्या जुन्या लेखांत लिहिल्यासारखंच होतं, बदलानं फारसं काही बदलत नाही. क्लब तसाही सावरला असता. फक्त दादा गेला नसता.

त्या दुपारी तिनं नवा लेख लिहिला आणि तो घेऊन दादाकडे गेली. संग्राम व्हरांड्यात बुटांना तेल लावत बसला होता. कुठं जायचं नसताना बुटांना तेल लावणाऱ्या माणसाकडे बघवत नाही. पल्लवी वहिनीनं "ये" म्हटलं आणि ती आत निघून गेली.

"दादा, हे वाच."

त्यानं हात पुसून कागद घेतले. सावकाश वाचले. एका ठिकाणी त्याचे ओठ हलले, इतकंच.

"चांगलं लिहिलंयस," तो म्हणाला. "छापू नकोस."

"का?"

"अजून दोन सामने हायत. हे छापलं की उद्या सगळ्या टीमांना कळंल पोरं काय करतायत ते. खोटी हाक खोटी ऱ्हाणार न्हाई. फर्नांडिस शहाणा माणूस हाय, त्यानं ओळखलंय. नुसता वरडतोय आणि पोरांना खेळू देतोय. त्याला दोन सामने खेळू दे."

"आणि तुझं काय? गाव म्हणतंय, मी तुला काढलं म्हणून क्लब वाचला!"

"म्हणू दे की. वाचला न्हवं?" त्यानं बूट उचलला, पुन्हा ठेवला. मग प्रथमच तिच्याकडे बघितलं. "शरू, एक सांग. फोन का केला न्हाईस?"

ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली. "तू भाऊ होतास म्हणून."

"गोव्याच्या त्या पिंटोला केलास. त्यानं तुला शिव्या दिल्या, तरी त्याची बाजू छापलीस."

"तू बोलला असतास तर मला लिहिता आलं नसतं रे."

"बोललो असतो. सगळं सांगितलं असतं, खोट्या हाकेसकट. छापू नकोस म्हटलं असतं, आणि तू छापलं नसतंस. एवढं मला तुझं ठाऊक हाय." त्याचा आवाज चढला नव्हता. चढायला हवा होता, असं तिला वाटलं. "परक्याला दिलास तेवढा तरी न्याय द्यायचा हुतास गं. जास्त नको हुता."

ती रडली. त्यानं तिला रडू दिलं, जवळ आला नाही. लहानपणी गोल खाल्ल्यावर ती रडायची तेव्हा तो येऊन डोक्यावर टपली मारायचा. या वेळी तो बुटांकडेच बघत राहिला, आणि त्याचं तसं बघत राहणं तिला सगळ्यांत जास्त लागलं.

तिनं लेख छापला नाही. आठवडाभर ती कौतुक ऐकत राहिली. शेवटच्या सामन्यात पंचगंगा एका गोलनं जिंकली आणि वरच्या लीगमध्ये टिकली. गुलाल उधळला गेला, फर्नांडिसला खांद्यावर घेतलं गेलं. संग्राम त्या दिवशी मैदानात नव्हता, घरीही नव्हता. वहिनी म्हणाली, जोतिबाच्या डोंगरावर गेलेत, गर्दी नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शर्वरी लेख घेऊन हुदळीकरांपुढे उभी राहिली. त्यांनी वाचला आणि मान हलवली. "बैल गेला अन् झोपा केला, असं होतंय हे."

"तरी छापा."

त्यांनी छापला. सगळं होतं त्यात. खोटी हाक, नऊ सेकंदांचा खरा अर्थ, दोन्ही हंगामांचे आकडे, न केलेला फोन. इरफाननं आपल्या नावासकट दुजोरा दिला होता. तिला वाटलं, आता गाव दादाच्या दारात जाईल.

गाव हसलं. "शेवटी रक्ताचं नातं हो," मिसळीच्या टेबलांवर लोक म्हणाले. "पहिल्यांदा खरं लिहिलं, आता घरात बोलणी बसली असतील." "आणि आकडे काय, पाहिजे ते घातले की पाहिजे ते निघतात." इरफानचं तर काय, सरांचाच लाडका तो. ज्या बहिणीनं भावाविरुद्ध लिहिलं म्हणून तिच्यावर विश्वास ठेवला होता, तिनं भावाच्या बाजूनं लिहिलं म्हणून कोणी ठेवला नाही. दूधवाल्यानं त्या दिवशी पैसे घेतले.

उन्हाळ्यात तिरुअनंतपुरमच्या एका क्लबनं संग्रामला मुलाखतीला बोलावलं. तो गेला आणि परत आला. नंतर त्यांचा फोन आला तेव्हा शर्वरी तिथंच बसलेली होती. संग्रामनं 'हां, हां, समजलं' असं तीन-चार वेळा म्हटलं आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"काय न्हाई. दुसरा माणूस घेतलाय."

"दादा, खरं सांग."

तो खिडकीतून बाहेर बघत होता. "म्हणाले, तुमच्याबद्दल सगळीकडं एकच नोंद हाय, खेळाडू ऐकत न्हाईत म्हणून. त्याच्या उलट कुणी लिहिलंय का, विचारलं. मी म्हटलं, हाय, माझ्या बहिणीनं लिहिलंय." तो थोडा हसला. "ते बी हसले."

शर्वरी मान खाली घालून बसली. काहीतरी बोलावं, माफी तरी मागावी, म्हणून तिनं तोंड उघडलं, पण तोच आधी बोलला, इतक्या मायेनं, की तिला ते सहन होईना.

"जेवून जा," संग्राम म्हणाला. "आणि आज ताटावर फुटबॉल काढलास तरी चालंल. आता काय, मी त्यात न्हाईच."